मज्जातंतूचा आडवा छेद: बाहेरून आत कसा वाचायचा आणि मायेलिनचा वेटोळा कसा काढायचा

बेळगावात हिस्टॉलॉजीच्या प्रात्यक्षिकाला खानापूर, निपाणी, चिकोडी भागातली मुलं येतात. दहावीपर्यंत मराठीत शिकलेली, पुढे एकदम इंग्रजी पुस्तकं हातात पडलेली. नर्व्हच्या स्लाइडवर त्यांच्या चुका दरवर्षी त्याच होतात, कारण ही मुलं आतून बाहेर जायला बघतात. थेट ४० चं भिंग लावतात, गोल गोल कड्या दिसतात आणि त्यांनाच सगळी नावं चिकटवतात. स्लाइड तयार करण्यापासून आकृतीपर्यंतचा क्रम मी जसा करून घेतो तसा खाली दिला आहे.

आधी एका शब्दाचा घोळ मिटवू. आपल्याकडे "शीर" म्हटलं की रक्तवाहिनीही आली, मज्जातंतूही आला आणि कधीकधी स्नायूचा कंडराही आला. शेजारची कन्नड बोलणारी माणसं "नर" म्हणतात, पण बाजारात मराठी-कन्नड मिसळून बोलताना तोही शब्द तसाच सैल वापरला जातो. या लेखात मज्जातंतू म्हणजे फक्त नर्व्ह.

टप्पा १: योग्य दोरी ओळखून आणणे

बकऱ्याच्या मांडीतली सायटिक नर्व्ह सगळ्यात सोयीची. मटणवाल्याला नुसती "शीर द्या" म्हटलं तर तो टाचेकडचा कंडरा काढून देतो. असं दोनदा झाल्यावर मी स्वतः शेजारी उभा राहून दाखवायला लागलो: "मामा, मांडीच्या मागच्या बाजूला दोन मोठ्या गोळ्यांच्या मधे जी पांढरी चपटी दोरी आहे ना, ती सुरी न लावता बोटानं सोडवा." आसपासची चरबी बोटानं बाजूला सरते आणि गुडघ्याच्या वर ती दोरी दोन फाट्यांत जाताना दिसते.

तपासणी: दोरी सैल धरून उजेडात बघा. नर्व्हवर चंदेरी आडवे पट्टे चमकतात आणि हलकेच ताणली की ते नाहीसे होतात. आतले तंतू सैल असताना नागमोडी असतात, त्यामुळे हे पट्टे दिसतात. कंडरा घट्ट, मोत्यासारखा चकचकीत असतो आणि वाकवला तर तारेसारखा उसळतो. रक्तवाहिनी कापली की तोंडाशी पोकळी दिसते, नर्व्हला पोकळी नसते.

इशारा: दोरी चिमट्यानं मधे पकडू नका. मायेलिन, म्हणजे तंतूभोवतीचं वेष्टन, चरबीयुक्त आणि मऊ असतं, चिमटलेल्या जागी ते ट्यूबमधल्या पेस्टसारखं पुढे सरकतं. मग स्लाइडवर त्या जागी वेडेवाकडे गोळे दिसतात आणि विद्यार्थी त्याला रोग समजतो. धरायचं असेल तर टोकाला धरा आणि ते टोक नंतर कापून टाका. फ्रीजरमध्ये ठेवू नका, बर्फाचे कण तंतू फोडतात. साध्या पाण्यातही नको, सलाईनमध्ये ठेवा आणि शक्य तितक्या लवकर पुढचा टप्पा गाठा.

टप्पा २: टिकवणे आणि कापणे

जाड पुठ्ठ्याच्या तुकड्यावर नर्व्ह तिच्या नैसर्गिक लांबीत सरळ ठेवा. एकदोन मिनिटांत ती स्वतःच चिकटते. आता पुठ्ठ्यासकट १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मेलिनमध्ये, नर्व्हचा भाग खाली येईल असा तरंगत सोडा. तुकड्याच्या किमान वीसपट द्रव हवा, वेळ २४ ते ४८ तास. पुठ्ठा नसेल तर नर्व्ह फॉर्मेलिनमध्ये गोगलगायीसारखी आखडते आणि नंतर कुठेही कापली तरी अर्धे तंतू आडवे, अर्धे तिरके कापले जातात.

ताण मात्र देऊ नका. "सरळ राहावी" म्हणून टाचण्या मारून ओढणाऱ्यांच्या स्लाइडवर मायेलिन ठिकठिकाणी फाटलेलं दिसतं.

कडक झाल्यावर नव्या ब्लेडनं, एकाच झटक्यात, २ ते ३ मिलिमीटर जाडीच्या चकत्या करा. काकडीच्या चकत्या करतो तशा, दोरीला काटकोनात. पुढचं नेहमीचंच: चढत्या अल्कोहोलनं पाणी काढणे, झायलिन, वितळलेलं पॅराफिन, आणि साच्यात चकती कापलेली बाजू खाली ठेवून उभी बसवणे. ५ मायक्रॉनचे काप, हिमॅटॉक्सिलिन-इओसिन रंग. यात एकच जागा अशी आहे की जिथे पुढचा सगळा गोंधळ जन्मतो: अल्कोहोल आणि झायलिन मायेलिनमधली चरबी विरघळवून नेतात. हे इथेच पक्कं करा, टप्पा ५ त्यावर उभा आहे.

मायेलिन खरोखर बघायचं तर तुकड्यांना अल्कोहोलच्या आधी ऑस्मियम टेट्रॉक्साइड द्यावं लागतं. ते चरबीला धरून ठेवतं आणि काळं करतं. पण ते आत फार कमी झिरपतं, म्हणून तुकडा १ मिलिमीटरपेक्षा जाड नको. त्याची वाफ डोळ्यांच्या बुबुळाला इजा करते, म्हणून हे काम फक्त फ्यूम हूडखाली, जाणकार माणूस शेजारी असतानाच. विभागात तयार ऑस्मियम स्लाइड असेल तर तीच वापरा.

टप्पा ३: ४ चं भिंग, फक्त एपिन्यूरियम

या भिंगाखाली एकच काम: गठ्ठे मोजा. नर्व्ह एकसंध नसते. तिच्यात गोल किंवा लंबगोल गठ्ठे दिसतात, त्यांना फॅसिकल म्हणतात. गठ्ठ्यांच्या बाहेरचं आणि गठ्ठ्यांच्या मधलंही जे गुलाबी, जाड कोलॅजनचं भरण आहे, ते सगळं एपिन्यूरियम.

सगळ्यात जास्त गुण इथे जातात. बहुतेक मुलं सगळ्या नर्व्हभोवती एक रेघ ओढतात आणि तिला एपिन्यूरियम म्हणतात, मधली जागा कोरी ठेवतात. एपिन्यूरियम हे नुसतं वेष्टन नाही. केळीच्या घडाभोवती सालीचा आवरणकागद असावा असं ते नाही. गवताच्या पेंढ्या एका मोठ्या भाऱ्यात बांधल्या आणि मधल्या फटींत भुसा भरला, तर तो भुसाही एपिन्यूरियमच. त्याच भुशात चरबीच्या पेशी असतात, आणि नर्व्हला रक्त पुरवणाऱ्या छोट्या धमन्या-शिराही असतात.

तपासणी: चरबीच्या पेशी मोठ्या, रिकाम्या, पातळ कडेच्या दिसतात. पुढे मायेलिनच्या कड्या बघताना त्यांच्याशी गल्लत होते. चरबीची पेशी मायेलिनच्या कडीपेक्षा कितीतरी मोठी असते, तिच्या मधोमध ठिपका कधीच नसतो आणि ती गठ्ठ्याच्या बाहेर असते. या तीन गोष्टी बघितल्या की चूक होत नाही.

टप्पा ४: १० चं भिंग, पेरिन्यूरियमची कडा

आता एकच फॅसिकल निवडा, जितका गोल तितका चांगला. त्याच्या काठाशी भिंग सरकवा. सैल, जाड कोलॅजन संपतं आणि अचानक चपट्या पेशींचा शिस्तीत रचलेला पट्टा सुरू होतो, कांद्याच्या पाकळ्या एकावर एक असतात तसा. केंद्रकं लांबट, काठाला समांतर. हाच पेरिन्यूरियम.

इथे चूक अशी होते की पेरिन्यूरियमलाही "संयोजी ऊतीचा थर" म्हणून सोडून दिलं जातं. फरक महत्त्वाचा आहे: एपिन्यूरियम मुख्यतः धाग्यांचं आहे, पेरिन्यूरियम मुख्यतः पेशींचं. या चपट्या पेशी शेजारच्या पेशींशी घट्ट सांधलेल्या असतात, शिवाय प्रत्येक थराच्या दोन्ही अंगांना तळपटल असतं. त्यामुळे बाहेरचा पदार्थ सहज आत शिरत नाही. आतल्या केशवाहिन्याही तशाच घट्ट सांध्यांच्या असतात, आणि दोन्ही मिळून रक्त आणि मज्जातंतू यांच्यातला अडसर तयार होतो. म्हणून आकृतीत पेरिन्यूरियम तुटक रेघांनी काढू नका. ती सलग, दोन-चार पदरी आणि केंद्रकं असलेली काढा. मोठ्या गठ्ठ्याला पदर जास्त, छोट्या फांदीला एकच पदरही असू शकतो.

आता एक प्रत्यक्ष प्रसंग. खानापूर तालुक्यातल्या एका मुलीनं आपल्याच हातानं केलेली स्लाइड दाखवली. सात गठ्ठे होते. त्यातल्या एका गठ्ठ्यात पेरिन्यूरियम आणि आतला गाभा यांच्या मधे पांढरी चंद्रकोर होती आणि तिनं खाली लिहिलं होतं "रक्तवाहिनी". मी तिला तीन गोष्टी तपासायला सांगितल्या. पोकळीला स्वतःचं अस्तर आहे का? चपट्या एंडोथेलियल पेशी नव्हत्या. पोकळीत रक्तपेशी आहेत का? नव्हत्या. आतल्या गाभ्याचा काठ आणि पेरिन्यूरियमचा आतला काठ एकमेकांत बसतात का? तंतोतंत बसत होते, फाटलेल्या कागदाच्या दोन बाजू जुळाव्यात तसे. म्हणजे ती वाहिनी नव्हती, प्रक्रियेत गाभा आखडल्यानं पडलेली फट होती. मग तिनं सातही गठ्ठे परत बघितले, तर सहा गोल आणि एक लांबट होता. लांबट गठ्ठ्यातल्या कड्याही अंड्यासारख्या होत्या. म्हणजे तो गठ्ठा तिथे वळला होता, त्यातले तंतू वेगळ्या जातीचे नव्हते. तिनं तो आकृतीतून गाळला आणि तेच बरोबर होतं.

टप्पा ५: ४० चं भिंग, एंडोन्यूरियम आणि कड्या

आता गठ्ठ्याच्या आत. हिमॅटॉक्सिलिन-इओसिनच्या स्लाइडवर शेकडो पांढरट कड्या आणि त्यांच्या मधे ठिपका दिसतो. ठिपका म्हणजे ॲक्सॉन, संदेश वाहून नेणारा तंतूचा गाभा. पांढरी जागा म्हणजे जिथे मायेलिन होतं ती जागा, कारण चरबी झायलिननं नेली. उरते ती प्रथिनांची फेसाळ जाळी. ज्यांनी टप्पा २ विसरला ते त्या पांढऱ्या जागेला "पोकळी" लिहितात.

ऑस्मियमच्या स्लाइडवर सगळं उलटं: कडी काळी, मधली जागा फिकी. तिथे फिकी जागा म्हणजे ॲक्सॉन. दोन स्लाइड शेजारी ठेवून बघितल्याशिवाय हा उलटा हिशेब डोक्यात बसत नाही, म्हणून मी दोन्ही एकाच तासात दाखवतो.

दोन कड्यांच्या मधली बारीक जागा एंडोन्यूरियम. अगदी नाजूक धागे, क्वचित फायब्रोब्लास्ट, केशवाहिन्या. या रंगात ते धागे जवळजवळ दिसत नाहीत. दिसत नाही म्हणून काढायचं नाही असं करू नका: प्रत्येक कडीभोवती पातळ रेघ द्या आणि नाव त्या रेघेला लावा, कडीला नाही.

आता केंद्रकं. गठ्ठ्यातली बहुतांश केंद्रकं ॲक्सॉनला वेढणाऱ्या श्वान पेशींची असतात. कडीला अंग चिकटवून बसलेलं, चंद्रकोरीच्या आकाराचं केंद्रक म्हणजे श्वान पेशी. दोन कड्यांच्या मधल्या जागेत अलग पडलेलं, बारीक आणि गडद, ते बहुधा फायब्रोब्लास्ट. नळीच्या आत वाकलेलं असेल तर केशवाहिनीचं.

इथे मुलं विचारतात, "सर, श्वान पेशी प्रत्येक कडीला असते ना? मग प्रत्येक कडीला केंद्रक का दिसत नाही?" प्रश्न रास्त आहे. हिशेब करून बघा. मोठ्या तंतूवर एका श्वान पेशीचा पल्ला सुमारे १ मिलिमीटर, म्हणजे १००० मायक्रॉन. तिचं केंद्रक त्या पल्ल्याच्या मधल्या भागात, लांबी साधारण २० मायक्रॉन धरू. आपला काप ५ मायक्रॉनचा. तो केंद्रकाला कुठेतरी शिवण्याची शक्यता १००० पैकी सुमारे २५, म्हणजे चाळीस कड्यांत एक. बारीक तंतूंवर पल्ला आखूड असतो, म्हणून प्रमाण थोडं वाढतं. आणि कड्या नसलेल्या जागी जी केंद्रकं दिसतात त्यातली बरीचशी मायेलिन नसलेल्या तंतूंच्या श्वान पेशींची असतात. तिथे एकच श्वान पेशी अनेक बारीक ॲक्सॉन आपल्या खाचांत घेऊन बसलेली असते, पण वेटोळे घालत नाही. परीक्षेत प्रत्येक कडीला केंद्रक काढणारी आकृती दिसली की समजतं, स्लाइड बघितलेली नाही.

टप्पा ६: मायेलिन कसं तयार होतं, हातानं करून बघणे

पाठ करून ही पायरी टिकत नाही. दुधाची रिकामी पिशवी धुवून घ्या. तिच्यात चमचाभर कुंकवाचं पाणी आणि एक भिजलेला हरभरा टाका. हवा काढा आणि जिकडून कापली ती कड क्लिपनं बंद करा. पिशवी म्हणजे श्वान पेशी, प्लास्टिक म्हणजे तिचं पटल, पाणी म्हणजे पेशीरस, हरभरा केंद्रक. पेन्सिल म्हणजे ॲक्सॉन.

पिशवीची क्लिप नसलेली कड पेन्सिलीवर ठेवा आणि घट्ट गुंडाळत जा. पहिल्या वेढ्यात पिशवीच्या दोन बाजू एकमेकींना भेटतात, तो जोड म्हणजे मेसॅक्सॉन. पुढच्या वेढ्यांत पाणी आणि हरभरा बाहेरच्या टोकाकडे ढकलले जातात. शेवटी आत चपट्या प्लास्टिकचे पदर उरतात आणि बाहेर पाणी-हरभऱ्याचा फुगवटा. ते चपटे पदर मायेलिन, तो फुगवटा न्यूरिलेमा. म्हणजे मायेलिन श्वान पेशीच्या बाहेर ठेवलेली वेगळी वस्तू नाही, श्वान पेशीचंच पटल आहे. आकृतीत केंद्रक मायेलिनच्या बाहेर, न्यूरिलेमाच्या आत. मायेलिनच्या पदरांत केंद्रक काढणं ही टप्पा ६ मधली नेहमीची चूक.

आता गुंडाळलेली पिशवी कात्रीनं आडवी कापा (पाणी खाली सांडेल, ताट ठेवा) आणि कडेला नीट बघा. पटलाच्या आतल्या बाजू एकमेकींना टेकल्या तिथे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात गडद ठळक रेघ दिसते. त्या बाजू जवळ धरण्यात मायेलिन बेसिक प्रोटीनचा मोठा वाटा असतो. पटलाच्या बाहेरच्या बाजू टेकल्या तिथे मधली फिकट रेघ, आणि तिथे पी-झीरो हे प्रथिन पदर चिकटवतं. कुठली रेघ आतल्या बाजूंची आणि कुठली बाहेरच्या बाजूंची, हे पिशवी कापल्यावर पुन्हा विसरायला होत नाही.

पिशवी एका बाबतीत फसवते: आपण बाहेरून गुंडाळतो. खऱ्या पेशीत बाहेरचा केंद्रक असलेला भाग गरगर फिरत नाही. ॲक्सॉनला टेकलेली आतली ओठासारखी कड पुढे सरकत आधीच्या पदराखाली शिरत जाते. म्हणून नवा पदर सगळ्यात आत, ॲक्सॉनजवळ तयार होतो. तोंडी परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो.

टप्पा ७: जाडी मोजणे आणि पेशी नीट नाव देणे

ऑस्मियमच्या स्लाइडवर आयपीस मोजपट्टी लावा. आधी स्टेज मायक्रोमीटरशी जुळवून घ्या, प्रत्येक सूक्ष्मदर्शकाचं घर वेगळं असतं. आमच्याकडच्या एकावर ४० च्या भिंगाखाली एक घर २.५ मायक्रॉन येतं. एक गोल कडी: बाहेरून बाहेर ५ घरं, म्हणजे १२.५ मायक्रॉन. आतला फिका भाग ३ घरं, ७.५ मायक्रॉन. फरक ५ मायक्रॉन. इथेच निम्मी मुलं "मायेलिन ५ मायक्रॉन" लिहितात. फरक दोन्ही बाजूंचा मिळून आहे, म्हणून जाडी २.५ मायक्रॉन. एका वेढ्याची जाडी सुमारे १५ नॅनोमीटर धरली, तर या एका कडीत दीडशेच्या पुढे वेढे निघतात.

७.५ भागिले १२.५ म्हणजे ०.६. ॲक्सॉनचा व्यास भागिले पूर्ण तंतूचा व्यास, याला जी-गुणोत्तर म्हणतात. निरोगी तंतूत ते ०.६ ते ०.७ च्या आसपास राहतं. एकच कडी मोजून निष्कर्ष काढू नका, कारण या मोजपट्टीवर अर्ध्या घराची चूकही उत्तर बरंच हलवते. फक्त गोल कड्या घ्या, किमान वीस. हिमॅटॉक्सिलिन-इओसिनच्या स्लाइडवर हे मोजूच नका, तिथे ॲक्सॉन आखडलेला असतो.

नाव देताना शेवटची अडचण: ऑलिगोडेंड्रोसाइट. हाता-पायाच्या नर्व्हच्या छेदात हे नाव कुठेही येत नाही. ती पेशी मेंदू आणि पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत मायेलिन करते, आणि एकटीच अनेक ॲक्सॉनना हात पसरून वेढते. श्वान पेशी एका ॲक्सॉनच्या एकाच पल्ल्यापुरती. परीक्षक कधी मुद्दाम ऑप्टिक नर्व्हची स्लाइड ठेवतात. नाव नर्व्ह असलं तरी ती मेंदूचाच भाग आहे, तिथे मायेलिन ऑलिगोडेंड्रोसाइटचं. गठ्ठ्यांभोवती कांद्याच्या पाकळ्यांसारखा पेरिन्यूरियम दिसला नाही आणि बाहेर मेंदूची आवरणं दिसली, तर लेखणी थांबवा आणि श्वान पेशी लिहू नका.

आकृती देण्याआधी बोटानं बाहेरून आत एकदा फिरा: गठ्ठ्यांच्या मधे एपिन्यूरियम भरलंय का, प्रत्येक गठ्ठ्याला सलग पेरिन्यूरियम आहे का, कडीभोवतीची पातळ रेघ एंडोन्यूरियम म्हणून लेबल केलीय का, आणि चंद्रकोरी केंद्रक सगळ्याच कड्यांना नाही, मोजक्यांनाच आहे का.